जोडपान

शालनने टाइपरायटरच्या रुळावर हात ठेवला तेव्हा साबिराची बोटं कळांवर तशीच थबकली.

"काय झालं ताई?"

"आत्ता काय म्हणालीस ते पुन्हा म्हण."

वाशीतल्या त्या एका खोलीच्या टायपिंगच्या दुकानात साबिराने आतापर्यंत शालनच्या प्रबंधाची दोनशे अकरा पानं टाइप केली होती. तळा गावची ही मुलगी मराठी टाइपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात दुसरी आली होती आणि ते सांगायला कधी विसरत नसे.

"मी म्हटलं, तुमचा कंस आणि तुमची दांडी एकाच जागी येताहेत. मग दोन खुणा कशाला? एक काढू का?"

शालनने कागद वर ओढून पाहिला. पाचवं परिशिष्ट. 'विषमोचन' या वैद्यकाच्या जुन्या ओवीबद्ध पोथीच्या तिला दोनच प्रती ठाऊक होत्या. तळवली गावातल्या एका आगरी घरातली ती 'अ' आणि एका संस्थेच्या संग्रहातली ती 'ब'. 'अ'मध्ये चोवीस ओव्या जास्त होत्या. त्या 'ब'मध्ये जिथून गळतात तिथे शालनने चौकोनी कंस उघडला होता आणि जिथे पाठ पुन्हा जुळतो तिथे मिटला होता. 'अ'चं पान जिथे उलटतं तिथे घालायची दांडी ही अगदी वेगळी खूण. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. नसायला हवा होता.

"दुसऱ्या टोकाला?"

"तिथेपण. कंस मिटतो, दांडी येते." साबिराने मान वर केली. "चूक माझी नाहीये हं. तुमच्या हस्तलिखितात तसंच आहे."

तसंच होतं. तीन वर्षं दोन्ही खुणा शालनने स्वतः घातल्या होत्या, पण वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या वह्यांत. एका कागदावर त्या आज प्रथमच आल्या होत्या.

ती स्टुलावर बसली आणि पिशवीतून 'अ'च्या झेरॉक्स काढल्या. चौदाव्या पानाची पुढची बाजू ओवीच्या मध्यावर संपत होती: *मुळी उगाळावी सत्वरी । लावावी दंशाचिया वरी ।* मागची बाजू आणि पंधराव्याची पुढची बाजू सोडली की पंधराव्याच्या मागच्या बाजूला पहिलीच ओळ होती: *मग बैसवावी उन्हावरी । बाळंतीण ॥*

'ब'मध्ये हे दोन तुकडे सलग होते. एकच ओवी, क्रमांक एकशे एकसष्ट. साप चावलेल्याला मुळी लावायची आणि बाळंतिणीला उन्हात बसवायचं. यमक योगायोगाने जुळलं होतं, म्हणून आजवर सगळ्यांनी ते चालवून घेतलं. तिच्या मार्गदर्शकांनी, गुप्तेसरांनी, आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की 'बाळंतीण' ही लेखनिकाची डुलकी आहे, मुळात 'रोगी' असावं.

डुलकी नव्हती. 'ब' लिहिणाऱ्यासमोर 'अ'च होती, आणि त्याने चौदावं आणि पंधरावं अशी दोन पानं एकदम उलटली होती. मधली समोरासमोरची दोन पृष्ठं त्याला दिसलीच नव्हती.

गुप्तेसरांचं सगळं नाव त्या चोवीस ओव्यांवर उभं होतं. 'ब'च्या शेवटी शके १६४० असा काळ होता. 'अ'चं शेवटचं पान हरवलेलं. म्हणून 'ब' जुनी आणि स्वतंत्र, 'अ' नंतरची, आणि जास्तीच्या ओव्या तळवलीच्या घराण्याने मागाहून घुसवलेल्या. त्या ओव्यांत ग्रंथकर्ता सांगतो की ही औषधं त्याला मिठागरावरच्या सोनाई नावाच्या सुइणीने दिली. आपल्या पूर्वजेचा मोठेपणा वाढवायला घराण्याने केलेली भर, असं सरांनी लिहिलं होतं. शालनचं चौथं प्रकरण त्याच पायावर रचलेलं होतं.

पण भर घालणारा माणूस ओवी संपल्यावर भर घालतो. अर्ध्या ओवीत सुरू होऊन अर्ध्या ओवीत संपणारी, आणि दोन्ही टोकांना पानाच्या कडेशी तंतोतंत बसणारी भर कोण घालेल? आणि 'अ'वरून लिहिणाऱ्याने तिच्या शेवटच्या पानावरचा काळही जसाच्या तसा उतरवला असेल, तर शके १६४० हे 'ब'चं वय नव्हतंच.

"ताई, माझ्याकडे खोडरबर आहे," साबिरा हळूच म्हणाली. "दांडी काढली तर कुणाला कळणार? नाहीतर तुम्ही आता पुन्हा बदलायला घेणार, आणि तुमच्याआधी मीच डॉक्टर होणार."

शालनला हसू आलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डिसेंबर १९९३ होता. एकोणीस तारीख. एकतीसच्या आत प्रबंध सादर केला तर प्राध्यापकाच्या नोकरीसाठी नेटची परीक्षा लागणार नव्हती. नंतर लागणार होती. तिची कॉलेजातली हंगामी जागा त्याच एका गोष्टीवर टिकून होती. प्रबंधासोबत मार्गदर्शकाच्या सहीचा दाखला लागायचा. तो पिशवीत कोरा होता.

"दांडी राहू दे," ती म्हणाली. "परिशिष्ट आज टाइप करू नकोस."

*

पानं एकदम उलटली गेली असतील, पण का? घाईने की आणखी कशाने? एवढं कळल्याशिवाय सरांसमोर जाण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने तळवलीला गेली. तीन वर्षांत ती इथे आलीच नव्हती. सरांनी काढलेल्या फोटोंच्या झेरॉक्सवर तिचं काम भागलं होतं.

गोजराबाई ओटीवर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, काष्ट्याचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"पोथी बगाची हाय? बग ना. पन हात धू पयले. आनि चपला तिकरं."

त्यांनी देव्हाऱ्यातून लाल फडक्यातली पोथी आणली. दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये सुटी लांबट पानं. शालनने मोजत मोजत चौदावं पान उचललं. त्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा पिवळा-तांबूस डाग होता. पंधराव्याच्या पुढच्या बाजूला तोच डाग, उलटा, आरशात दिसावा तसा. कडेला कागदाचे बारीक पापुद्रे एका पानावरून सुटून दुसऱ्याला लागले होते. झेरॉक्समध्ये हे सगळं नुसतं काळं दिसलं होतं. ओल लागली असेल असं ती समजून चालली होती.

"मावशी, हा डाग कसला?"

"तो? ता जोडपान हाय. हलद आनि गुलाचा पाक. आमचे सासऱ्याचे आज्याचे येलेपासून चिकटलेला व्हता. दसऱ्याला पोथी पुजाची ना, तवा कुंकू त्याच पानाला. सोडवाचा नाय, आसा नेम. आत सोनाय बसलीय म्हनाचे."

"चिकटलेलं होतं? मग सुटलं कधी?"

गोजराबाईंनी एक बोंबील बाजूला टाकला.

"तुजे सरानी सोडवला. मी नवी सून व्हते तवा, दोन वर्सां जाली व्हती लग्नाला. चाची किटली ठेवली व्हती चुलीवर. मना बोल्ला, वयनी, वाफ द्या जरा. येक तास बसला, असा सुरीने, असा फुकून फुकून. सासू नको बोलत व्हती. पन सुटला. मंग त्यानी वाचून दाकवला. सोनायचा नाव निंगाला आतशी! सासू रडाया लागली."

शालनने हातातलं पान पुन्हा एकदा पाहिलं. तिने ते खाली ठेवलं.

"मंग भैरूला, माज्या पोराला, कोनी तरी सांगला, सरानी पुस्तकान लिवलंय का नाव आमीच घुसवला." त्या हसल्या, पण डोळे बोंबलांवरच होते. "आमाला लिवता येत आसता तं मीठ कशाला वाहिला आसता गो?"

*

नेरूळला सरांच्या सोसायटीचा जिना चढताना शालनने दोनदा थांबून वाक्य जुळवलं. दाखल्यावर सही न करता त्यांनी तिला परत पाठवलं, तर दुसरा मार्गदर्शक शोधायलाच सहा महिने जाणार होते. आणि सही घेऊन गप्प बसली, तर प्रबंध तपासणाऱ्या दोघांनी त्याच पुस्तकाचा आधार मानला असता. कुणी तळवलीला गेलं नसतं. ती स्वतः तरी कुठे गेली होती?

गुप्तेसर बाल्कनीजवळच्या टेबलाशी होते. शालन उभ्यानेच बोलली. कंस, दांड्या, अर्धी ओवी, आरशातला डाग. वाफेचं तेवढं ती बोलली नाही. बोलता बोलता तिला आपलाच आवाज तोंडी परीक्षेतल्यासारखा वाटला.

सरांनी दोन्ही प्रतींच्या झेरॉक्स मागून घेतल्या, एकशे एकसष्टावी ओवी पुटपुटत वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"'ब' मला अडुसष्ट साली मिळाली," ते म्हणाले. "केवढा आनंद झाला होता. तारीख असलेली प्रत."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"किटली आहे का अजून त्यांच्याकडे?"

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण सर तिच्याकडे पाहत नव्हते. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले. ती दाराकडे पाहत उभी राहिली; पिशवीतला कोरा दाखला तिच्या कोपराला टोचत होता.

ते परत आले तेव्हा हातात एक टिपणकार्ड होतं, कडा तपकिरी झालेल्या. ते त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. ओळखीचं, बारीक, तिरकं अक्षर: *तळवली प्रत. प. १४ (मागे)–१५ (पुढे) एकमेकांस चिकटलेली. वाफेने सोडवली. डाग जुना, बहुधा पूजेतला.* खाली तारीख, चौदा एप्रिल एकोणीसशे त्रेसष्ट.

पुस्तक एकाहत्तर सालचं होतं. शालनने मनात वजाबाकी केली आणि मान वर केली नाही.

"चौथं प्रकरण काढून टाक," सर म्हणाले. "त्या जागी सात-आठ पानं पुरतील. जे मला सांगितलंस तेवढंच, त्याच क्रमाने. अकरा दिवसांत होईल. ती टाइप करणारी मुलगी भरभर करते ना?"

"हो."

"दाखला दे."

त्यांनी सही केली, तिच्यावर टीपकागद दाबला, आणि दाखला परत करताना कार्डही त्यावर ठेवलं.

"हा पुरावा तुझ्या डागापेक्षा बरा. तळटिपेत घाल. माझ्या नावाने."

शालनने वही उघडली आणि कार्डावरचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून घेतला. शेवटच्या ओळीशी तिचं पेन थांबलं.

"सर, तारीखही घालू?"

खालची स्कूटर आता सुरू झाली होती. तिचा आवाज कोपऱ्यावरून वळून नाहीसा होईपर्यंत सर ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तारखेशिवाय टीप कसली," ते म्हणाले.