दत्तारामाची शिमग्याची रजा

फर्डिनंड डिमेलोसाहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी कचेरीतली एकही वस्तू घरी आणली नाही. फक्त शिस्त आणली. त्यापेक्षा एखादा पंखा आणला असता तर बरं झालं असतं, असं त्यांच्या पत्नीचं, बेलाबाईंचं मत होतं.

माणिकपूरच्या पुढे केळीच्या वाडीत त्यांचं घर. घरात माणसं दोन, मारुती एक आणि ती चालवायला दत्ताराम शिवगण. दत्ताराम देवरुखच्या बाजूचा, राहायला नालासोपाऱ्याच्या चाळीत. दुसऱ्या कुठल्याही घरी त्याने "साहेब, गावाला जाऊन येतो" म्हटलं असतं, मालकाने "बरं, लवकर ये" म्हटलं असतं आणि विषय संपला असता. इथे तसं नव्हतं. इथे विषय आधी लिहावा लागे.

"तोंडी रजा म्हणजे वाऱ्यावरची वरात," साहेब पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. "उद्या मी म्हणेन दिली नाही, तू म्हणशील दिली. मग? कागद हवा. प्रति, विषय, कारण, कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली सही. सोप्या भाषेत. कादंबरी नको."

दत्तारामाने पहिला अर्ज लिहिला तो कपाळाला घाम आणून. साहेबांनी त्यात सात ठिकाणी लाल खुणा केल्या आणि मग मोठ्या प्रेमाने मंजूर केला. त्याच अर्जाची नक्कल दत्ताराम दर वर्षी समोर ठेवी, तारखा बदली आणि बाकीचा जसाच्या तसा उतरवून काढी. गेल्या वर्षी मात्र अर्ज लिहायला वेळच मिळाला नाही. ऐन शिमग्याच्या तोंडावर त्याचे वडील गेले. घराला सुतक, त्यामुळे ग्रामदेवतेची पालखी दारावरून सरळ पुढे गेली. आई ओटीवर उभी राहून पाठमोरी पालखी बघत होती. ते काही दत्तारामाच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

यंदा फेब्रुवारीतच आईचा गावच्या दुकानातून फोन आला. "पालखी आपल्याकडं येतेय रं यंदा. नारळ वाढवायला घरचा पुरुष पायजे. का शेजारच्याला सांगू?"

"शेजारच्याला कशाला? मी मेलोय काय?" दत्ताराम म्हणाला, आणि एस.टी.चं तिकीट काढून आला. मार्च लागताच त्याने अर्ज दिला.

"प्रति, मा. श्री. फर्डिनंड डिमेलो साहेब यांस. विषय : गावी जाण्यासाठी रजा मिळणेबाबत. महोदय, मी आपला ड्रायव्हर दत्ताराम शिवगण अर्ज करतो की, आमच्या गावी शिमगा आहे. देवीची पालखी घरी येते. त्या वेळी मी घरी असणे जरुरीचे आहे. वडील वारल्यामुळे आई एकटी आहे. तरी मला दि. २३ मार्च ते ३१ मार्च २००५ पर्यंत रजा मिळावी. सध्या आपला उपवासकाळ असल्यामुळे गाडीला विशेष काम नाही, त्यामुळे आपली गैरसोय होणार नाही. १ एप्रिलला सकाळी कामावर हजर होईन. आपण नेहमी मला सांभाळून घेता त्याबद्दल आभारी आहे. आपला विश्वासू."

साहेबांनी चष्मा लावला, वेलांट्या तपासल्या, आईबद्दलचं नवीन वाक्य पाहून मान हलवली आणि खाली 'मंजूर' लिहून सही ठोकली. अर्ज फाइलला लागला.

उपवासकाळाचं ते वाक्य दत्तारामाच्या अर्जाचा कणा होतं. ईस्टरच्या आधीच्या त्या दिवसांत वसईतल्या ख्रिस्ती घरांत लग्नं नाहीत, मेजवान्या नाहीत, बेलाबाईंचं मटणाचं पातेलंसुद्धा पालथं. गाडी अंगणात उभी राहून धूळ खाई. शिमगा दर वर्षी नेमका त्या दिवसांतच येई. दत्तारामाला वाटे, दोन्हीकडच्या देवांनी बसून ड्रायव्हरची सोय बघितलेली दिसते.

दोनच दिवसांनी बेलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दत्ताराम, गुड फ्रायडेला गाडी दुपारीच काढ हां. उशीर झाला की चर्चमध्ये माझ्या गुडघ्याला बाक मिळत नाही."

"काढतो की बाई. कधी आहे?"

"बघ ना, तिथे कॅलेंडर आहे."

दत्तारामाने बघितलं. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं. त्यात गुड फ्रायडे होता, पंचवीस मार्चला. त्याला लागून ईस्टर होता. आणि पंचवीस मार्चलाच गावी होळीची पौर्णिमा होती.

गेल्या श्रावणात धोंड्याचा महिना आला होता. त्याने शिमगा ढकलत ढकलत थेट ईस्टरच्या अंगावर नेऊन घातला होता. आणि दत्तारामाने सगळ्या वर्षात ज्या आठवड्यात गाडीला सर्वांत जास्त काम, त्या आठवड्याला 'गाडीला विशेष काम नाही' असं लिहून दिलं होतं. वर साहेबांची सही घेतली होती.

आता खरं म्हणजे त्याला काही करायचं नव्हतं. कागद पक्का होता. गप्प बसून तेवीस तारखेला एस.टी.त बसला असता तरी कायद्याने कोणी काही म्हणू शकलं नसतं. पण बेलाबाईंचा गुडघा कायद्याचं ऐकत नव्हता. वडील गेले तेव्हा याच बाईंनी महिनाभराचा पगार आधी हातात ठेवून त्याला गाडीत बसवलं होतं, आणि तेव्हा अर्जाचं नावही कोणी काढलं नव्हतं.

तो बदली शोधायला निघाला. माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर त्याचा दोस्त सॅन्टन होता.

"गुड फ्रायडेला?" सॅन्टन म्हणाला. "अरे, त्या दिवशी मी माझी रिक्षा चालवत नाही, तुझी मारुती चालवू? आमची आई पायताण फेकून मारेल."

"मग दुसरा कोणी सांग."

सॅन्टनने स्टँडवर नजर फिरवली. "तो गावाला चाललाय, शिमग्याला. तो पण. तो भय्या होळीला मुलूख गाठणार. उरलेले आम्ही, ते चर्चमध्ये. दत्ताराम, त्या दिवशी वसईत गाडी फक्त देवच चालवेल. आणि त्याला लायसन नाही."

दत्ताराम हसला, पण ते हसू साहेबांच्या घराच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकलं नाही. त्या संध्याकाळी त्याने एस.टी.चं तिकीट खिशातून काढून पुन्हा ठेवलं आणि आयुष्यातला पहिला स्वतंत्र अर्ज लिहिला. याला नमुना नव्हता.

"विषय : मंजूर रजा रद्द होणेबाबत. महोदय, मी अर्जात गाडीला काम नाही असे लिहिले, ते चुकीचे आहे. ती जुनी ओळ आहे. या वर्षी शिमगा आणि आपला ईस्टर एकत्र आले आहेत. बाईंना चर्चला चालत जाता येणार नाही. बदली मिळाला नाही. तरी माझी रजा रद्द करावी. आईला मी कळवतो. चुकीबद्दल माफी असावी."

साहेबांनी तो वाचला. मग फाइल काढून पहिला वाचला. मग बराच वेळ चष्मा पुसला.

"सही कोणाची आहे ही?"

"आपली, साहेब."

"न वाचता केलेली. छत्तीस वर्षं मी माणसं झापली, न वाचता सही करू नका म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला. "वेलांट्या बघितल्या मी. तारीख नाही बघितली. उपवास मी करतो आणि तो कधी संपतो ते मला माहीत नाही!"

"चूक माझी आहे, साहेब."

"तुझी चूक तू लिहून दिलीस. माझी कोण लिहिणार?" साहेब उभे राहिले. "अर्ज नामंजूर. दिलेली रजा मी काढून घेत नाही. गाडी मी चालवतो."

स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. बेलाबाई डाव घेऊनच बाहेर आल्या.

"अजिबात नाही! अहो, त्या केळीच्या बागेतून गाडी काढायला बैल आणावे लागले होते, विसरलात?"

तो प्रसंग डिमेलोंच्या घरात कोणी काढत नसे. दत्तारामाची नोकरीच मुळी त्यातून निघाली होती. साहेबांनी मारुती नवीन असताना ती केळीत घातली, आणि बेलाबाईंचा भाऊ थॉमस एका लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला होता की, भावोजींना गाडी नाही, घड पिकवायला जागा हवी होती. तेव्हापासून साहेब आणि थॉमस एकमेकांशी बोलत नव्हते.

"मी चालत जाईन," साहेब म्हणाले.

"तुम्ही जाल. मी?" बेलाबाई हातातल्या डावाकडे बघत म्हणाल्या, "थॉमसचं घर चर्चच्या भिंतीला लागून आहे. गुरुवारी रिक्षाने तिथे जाऊ, ईस्टरची चर्चमधली मिस्सा झाली की परत. त्याची बायको कधीची बोलावतेय."

दत्तारामाला आपण अर्जासकट नाहीसं व्हावं असं वाटलं. एका बाजूला त्याच्या आईची ओटी होती, दुसऱ्या बाजूला साहेबांचं एवढ्या वर्षांचं न बोलणं. कोणतं जड, हे ठरवणं काही त्याच्या हातात नव्हतं.

"साहेब, राहू द्या," तो म्हणाला. "शेजारचा वाढवेल नारळ."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या वडलांच्या घरात शेजारी नारळ वाढवणार? का? मला मेहुण्याचं तोंड बघायचं नाही म्हणून?" ते खाली बसले. "फोन लाव गं थॉमसला."

बेलाबाईंनी नंबर फिरवला, दोन शब्द बोलून रिसिव्हर पुढे केला. साहेब घसा खाकरून म्हणाले, "हॅलो. मी फर्डिनंड. विषय असा आहे..."

पलीकडून थॉमसचं हसणं दत्तारामाला दारापर्यंत ऐकू आलं. मग साहेबांचंही आलं, जरा गंजलेलं, पण चालू.

दत्तारामाने बेलाबाईंना खाली वाकून नमस्कार केला. "चल, पुरे," त्या म्हणाल्या. "आणि येताना कोकमं आण. आमसुलं नुसती काळी नकोत, रसदार बघ."

ईस्टरच्या रविवारी सकाळी देवरुखजवळच्या त्या वाडीत ढोल वाजत पालखी चढणीवर आली. शिवगणांच्या अंगणात शिरली, ओटीवर पाटावर टेकली. आईने ओटी भरली. तिचा चेहरा असा, की जणू पालखी तिच्याकडेच यायला निघाली होती आणि वाटेत बाकीची घरं लागली. दत्तारामाने नारळ पुढे ठेवला. गावच्या मानकऱ्यांनी हात जोडून देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा! आज शिवगणांच्या घरात तुझी पावलं लागली. मागल्या साली जी चुकामूक झाली ती पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"लेकराबाळांना सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मानकरी दत्तारामाकडे वळून हळूच म्हणाले, "आणखी काय घालायचं रं? लवकर बोल, पुढं सात घरं हायत."

दत्ताराम त्यांच्या कानाशी लागला. मानकऱ्यांनी भुवया वर केल्या, एकदा विचारून घेतलं, ओठांतल्या ओठांत नाव घोळवून बघितलं आणि पुन्हा हात जोडले.

"बा देवी म्हाराजा! तिकडं वसईला तुझ्या लेकराचे धनी हायत. फड्‌डीनंद साहेब! त्यांनी सोडलं म्हणून ह्यो आज तुझ्या पायाशी हाय. त्यांच्या बाईंचा गुडघा बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांचा न् त्यांच्या मेव्हण्याचा आज एका ताटात सण हाय. निदान जेवण होईतो भांडण होऊ देऊ नको म्हाराजा!"

वाडीतल्या एकालाही तो साहेब कोण, मेव्हणा कोण, काही माहीत नव्हतं. तरी सगळ्यांत मोठा आवाज याच मागण्याला आला, कारण मेव्हणे सगळ्यांनाच होते.

"व्हय म्हाराजा!"

दत्तारामाने नारळ वाढवला. आईने पदराने डोळे टिपत खोबऱ्याचं पहिलं भकल त्याच्या हातावर ठेवलं, आणि दुसरं वेगळं काढून कागदात गुंडाळायला घेतलं.

"हे कोणाला गं?"

"तुझ्या सायबाला," आई म्हणाली. "आणि त्या मेव्हण्यालाबी मोडून दे त्यातलं."