बत्तीस असारची मुलगी

मनसरी राईला जपानच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हे वाचलंच नाही असं समजा, कारण भदौ महिन्यातल्या त्या सोमवारी तिच्या हातात नुसतं कॉलेजचं एक पत्र होतं. जन्म बत्तीस तारखेचा कसा? कुठल्याही महिन्याला बत्तीस दिवस नसतात. शिवाय शाळेचा दाखला दोन जुलै म्हणतो. शुक्रवारपर्यंत खुलासा न आल्यास जागा दुसऱ्याला.

नेपाळातल्या फिदिममध्ये जिल्हा कार्यालयासमोर पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या लोकप्रसाद निरौलांनी पत्र दोनदा वाचलं. तिच्या नागरिकत्वाच्या दाखल्याचं भाषांतर त्यांचंच होतं. त्यावरची नेपाळी विक्रम संवतातली जन्मतारीख, 'असार ३२, २०६०', त्यांनी तश्शीच ठेवली होती. तारीख बदलली तर माणूस बदलतो, असं त्यांचं मत.

"दाजू, तुमच्या मतापायी मी इथेच मोमो विकणार बघा."

"महिन्याला बत्तीस दिवस नसतात म्हणे! बिचारे. एक दिवस कमी जगतात."

"आणि दोन जुलै कुठून आला?"

"तुझ्या शाळेच्या कारकुनाकडून. संवत साठातून सत्तावन्न वजा, सन २००३, हे बरोबर. असार म्हणजे जून धरला, बत्तीस जून केला. जून तिसाचा, म्हणून उरलेले दोन जुलैत ढकलले. दूधवाल्याचा हिशेब!"

"मग खरी तारीख कशी काढायची? सूत्र सांगा."

"सूत्र नाही. कुठला महिना किती दिवसांचा ते दरसाल वेगळं, सूर्य रास कधी बदलतो त्यावर. त्या सालचं पात्रो, पंचांगच उघडावं लागतं."

निरौलांनी ट्रंक उपसली. २०६० सालच्या पंचांगावर तेलाचे डाग होते, पण असारच्या शेवटच्या चौकोनात मोठा ३२ होता आणि कोपऱ्यात बारीक सोळा. जुलैचा सोळा, सन २००३.

पंचांग बगलेत मारून दोघं वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत गेली. सचिवांनी ते उलटसुलट पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "दोन जुलैवाली मनसरी आणि सोळा जुलैवाली मनसरी, दोघींपैकी तू कोण?"

"दोघीही."

"पुरावा?"

"मी इथे एकटीच उभी आहे."

सचिवांना ते पटलं. बत्तीस असार २०६० म्हणजेच सोळा जुलै २००३, आणि दोन्ही कागदांवरची मुलगी एकच, असं शिफारसपत्र शिक्क्यासह मिळालं. निरौलांनी भाषांतर करून गुरुवारीच पाठवलं, पंचांगाच्या पानाची प्रत जोडून. तेलाच्या डागांसह.

पुढचं तुम्ही पहिल्याच ओळीत वाचलेलं नाही.

पंधरवड्यानं मनसरी टोपलीभर सेलरोटी, तांदळाच्या पिठाची तळलेली गोड कडी, घेऊन आली. एक सेलरोटी तोंडात असतानाच निरौलांनी विचारलं, "आता काय अर्ज?"

"वाढदिवसाचा. कित्येक साली असार एकतिसावरच संपतो. मी काय करू?"

निरौलांनी बोटं पुसली, कोरा कागद घेतला आणि शुद्ध अक्षरात लिहिलं:

'श्रीमान पंचांग निर्णायक समिती यांस. विषय: असार महिना कायमस्वरूपी बत्तीस दिवसांचा करण्याबाबत. अर्जदार मुलीचा वाढदिवस वेळोवेळी गाळला जात असल्याने तिचे वय व केक यांचा मेळ बसत नाही. तरी योग्य तो निर्णय घेऊन त्याची एक प्रत सूर्यास अंमलबजावणीसाठी पाठवावी, ही विनंती.'