पितांबरच्या ओट्यावरची शाखा

सगळा घोळ माझ्याच हुशारीने झाला, हे आधीच कबूल करतो. मी रतिलाल, शहाद्याच्या आमच्या जिनिंग संघाचा हेडक्लार्क.

कोणाचा कापूस सरकी काढायला जिनात कोणत्या दिवशी घ्यायचा, तो पाळीचा तक्ता पितांबर करी. चौसष्ट सालच्या हंगामाच्या तोंडावर त्याच्या गळ्याशी गाठी आल्या, त्या कॅन्सरच्या निघाल्या. दर तीन आठवड्यांनी मुंबईला इंजेक्शन ठरलं. आजारपणाची रजा तपासण्यांतच संपलेली. बिनपगारी रजा एका वेळी पाच दिवसच मिळे; त्यापुढे हजेरी चुकली की नोकरी गेली. म्हणून त्याने अर्ज दिला:

"इंजेक्शनानंतर प्रवास व उलट्या यांत चार-पाच दिवस जातात, तेव्हा माझ्याकडून काम होणार नाही. पुढील दहा दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असतात, म्हणून डॉक्टरांनी गर्दीची मनाई केली आहे. त्या दिवसांत सकाळी आठ ते अकरा घरीच तक्ता करीन. शिपायाने साडेसातला शेतकऱ्यांच्या नोंदी आणाव्यात, अकराला तक्ता न्यावा. नंतरच्या आठवड्यात दुपारपर्यंत कचेरीत येईन. ताप आल्यास सकाळीच कळवीन."

चेअरमन छगनआबा अर्ज वाचून गहिवरले. मी मात्र नियमावली उघडली. हजेरीपटावर सही संघाच्या कार्यालयातच हवी! मग तोडगाही मीच काढला: पितांबरचं घर संघाची शाखा म्हणून जाहीर करू. ठराव एकमताने पास. हौसेने पाटीही मीच रंगवून घेतली.

पाटी लागली आणि शेतकऱ्यांनी ती वाचली. सकाळी आठला ओट्यावर पस्तीस माणसं. प्रत्येकाला पाळी अलीकडे हवी, शिवाय आजाऱ्याला भेटल्याचं पुण्यही. कोणी केळी आणली, कोणी खोकला. पितांबर आत, खिडक्या लावून घामाघूम.

त्याची बायको नर्मदाबाई तडक कचेरीत आली. "आबा, डॉक्टरनी गर्दी मना करेल शे, नि तुम्ही मन्हा घरना बजार करी टाका!"

"ठराव रद्द करायला सभा लागेल," मी म्हणालो, "सात दिवसांची नोटीस." बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली.

"ऱ्हाऊ दे तुन्ही नोटीस," आबा उठले. "मी बठसू तठे."

दुसऱ्या दिवसापासून आबा पितांबरच्या ओट्यासमोर रस्त्यात खाट टाकून बसले. आला माणूस की त्याची नोंदीची चिठ्ठी घ्यायची आणि त्याला घरी पिटाळायचं. खुद्द आबांच्या व्याह्यालाही त्यांनी ओट्याला पाय लावू दिला नाही.

पाचव्या दिवशी अकराला शिपायाने तक्ता बाहेर आणला. आबांनी तो वरून खाली वाचला आणि खाटेवरूनच ओरडले, "पितांबर! मन्हा कापूस सगळासना शेवट?"

बंद खिडकीमागून बारीक आवाज आला, "तुमनी नोंद उशिरा उनी, आबा. पाळी सरकाव नई."

चेअरमनला असं आजवर कोणी सुनावलं नव्हतं.

आबा मात्र धोतराच्या सोग्याने डोळे पुसत हसत सुटले. "ऐकं का रे रतिलाल? इतला भांडस, म्हंजे गडी जगस!"