पंचविसाव्या वाढदिवसाचं भाषण आणि अडणारं दार

आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भाषण करायचं, तर वाटणी हवी. लेकीनं ती केली: हशा धाकट्या भावाचा, आभार तिचे, भेट दोघांनी मिळून जाहीर करायची. धाकट्याला अट एकच, ज्यांच्यावर विनोद ते आधी हसले पाहिजेत. नाहीतर पाहुण्यांची करमणूक आणि घरच्यांचं हसं.

विनोद कपाटाचा ठरला. बाबा सुतार, शहरभर त्यांच्या हाताचं कौतुक, आणि घरच्या कपाटाचं दार हिसका दिल्याशिवाय उघडायचं नाही. पहाटे बाबांनी शर्टासाठी ते ओढलं की सगळं घर दचकून उठायचं. भेटही त्याचीच. आईबाबा सकाळी फोटो काढायला गेले तेवढ्यात दोघांनी दुसरा सुतार आणून दाराला रंधा मारून घेतला. आता ते एका बोटानं उघडत होतं.

"बाबांनी अख्ख्या शहराची दारं नीट केली," धाकटा माइकवर म्हणाला, "घरच्या कपाटासाठी आई मात्र पंचवीस वर्षं रांगेत आहे. गिऱ्हाइकांनो, तुम्हाला निदान पुढची तारीख तरी मिळते."

सगळे खो खो हसले. बाबा तेवढे खाली बघत बसले, कान लाल. पुढच्या रांगेत त्यांची गिऱ्हाइकं होती. ज्या माणसाचा मान वाढवायचा, त्याचाच पाणउतारा झाला होता. आभारांचा पाठ केलेला एकही शब्द लेकीला आठवेना.

"बाबा, आमचं चुकलं," ती कशीबशी म्हणाली.

आई उठली. "दे तो माइक इकडे. ते दार यांनी पहिल्याच महिन्यात नीट केलं होतं. मग हे पहाटे गुपचूप कामावर जायचे आणि मी उठून बघावं तर घर रिकामं. मीच म्हटलं, आतून पट्टी ठोका, अडू दे मेलं. आवाज झाला की मी उठते, दोघं चहा पितो. तेवढाच वेळ आमचा. एवढा कारागीर माणूस, माझ्यापायी पंचवीस वर्षं बोलणी खातोय."

"सांगायचं नव्हतं ना," बाबा पुटपुटले.

लेकीचे डोळे भरून आले. धाकट्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, कारण भाषणात आता भेटच काय ती उरली होती. गप्प बसलं तरी पहाटे बिंग फुटणारच.

"तुम्ही आमच्यासाठी आयुष्यभर राबलात," लेक म्हणाली, "म्हटलं, एक दार तरी आपण नीट करून द्यावं. आज सकाळी दिलंय करून."

सगळ्यांत आधी बाबा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "माझ्या कपाटाला हात कुणी लावला रे?"

मग पेले उंचावले, आणि आभार तिनं पाठांतराशिवाय मानले.

घरी गेल्यावर बाबा समारंभाच्याच कपड्यांत हातोडी घेऊन बसले. धाकट्यानं पट्टी धरली. आई आतल्या खोलीत डोळे मिटून पडली. बाबांनी दार ओढलं.

"अजून एक खिळा," आतून आई म्हणाली. "एवढ्यानं मला जाग नाही यायची."