दहा बाय बाराची खोली

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६, सायंकाळचे सहा. ठाण्यातील एका शाळेचे सभागृह. स्पर्धेचा प्रयोग पाच दिवसांवर आला होता आणि अच्युतराव परचुरे यांच्या नाटकाचा दुसरा अंक अद्याप उभा राहत नव्हता. मुलगा वेगळे बिऱ्हाड करणार, हे कळल्यावर बापाने काढलेले बावीस ओळींचे उद्गार हा त्या अंकाचा प्राण, असे अच्युतरावांचे ठाम मत होते. त्यातला एक शब्दही कमी करू देण्याची त्यांची तयारी नव्हती.

दिग्दर्शिका मुग्धा साठ्ये त्यांच्या मुलीच्या वयाची. तिने सतरंज्या गुंडाळायला लावल्या आणि जमिनीवर खडूने चौकोन आखला.

"काका, तुम्हीच लिहिलंय ना, दोन खोल्यांचं घर? ही बाहेरची खोली. दहा बाय बारा. इथे दिवाण, इथे कपाट, हे स्वयंपाकघराचं दार. आता करा."

बापाची भूमिका करणारे बापट उद्गारांसाठी दोन पावले पुढे आले आणि थेट खडूच्या रेघेबाहेर पडले.

"बापट, शेजाऱ्यांच्या घरात गेलात," आईचे काम करणाऱ्या नलूताई म्हणाल्या.

"हसा! पण वाद मांडायचा तर समोरासमोर उभं राहायला नको?" अच्युतराव उसळले.

"कुठे उभं राहणार? मुलाला कपाटातून शर्ट काढायचा तर दिवाणावर बसलेल्या बापाच्या गुडघ्यांवरून जावं लागतं," मुग्धा म्हणाली.

"आणि अबोला असलेल्या घरात बाप मुलाशी बोलतो होय?" नलूताईंनी विचारले. "आमच्याकडे बापलेकांचं वर्षभर सगळं माझ्यामार्फत चालायचं. दोघं एकाच दिवाणावर, आणि मी दारात."

अच्युतराव उत्तर द्यायला सरसावले आणि थबकले. आपण वाद लिहिला तो व्याख्यानाच्या मंचासाठी. या घरात मंचच नव्हता. बाप इथे मागे सरू शकत नव्हता, पुढे येऊ शकत नव्हता, मुलाकडे पाहूही शकत नव्हता. मग त्याच्या हाती राहते काय? दारात उभी असलेली बायको.

त्यांनी पेन काढले. बावीस ओळींवर एक सरळ रेघ मारली, समासात चार ओळी लिहिल्या आणि कागद बापटांकडे दिला. नलूताईंनी आणि मुलाचे काम करणाऱ्या तरुणाने तो त्यांच्या खांद्यावरून वाचला.

मुलगा कपाटाशी आला. दिवाणाच्या जागी बसलेल्या बापटांनी पाय पोटाशी घेतले, नजर वर्तमानपत्रात ठेवली.

"अगं, त्याला विचार, पंखा नेणारेस का."

नलूताई दारातच. "नेणारेस का रे?"

"नको म्हणावं. त्यांना उकडतं."

"त्याला सांग, मला उकडत नाही."

मुलाने शर्ट घेतला. बापटांनी पान उलटले. ते त्यांनी वाचलेले नव्हते.

मुग्धाने अच्युतरावांकडे पाहिले. त्यांनी पेनाला टोपण लावले.

"माझं भाषण वाईट नव्हतं," ते म्हणाले, "पण ते या घरातलं नव्हतं. हाच प्रवेश बरोबर आहे."