तपेत

हायम झिराडकरांना शुक्रवारची दुपार सरता सरत नसे. थेरगावात, डांगे चौकापासून आत गेलं की ज्या जुन्या सोसायट्या लागतात, त्यातल्या एकीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, साचे घडवण्यात. बायको सिमहाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक रिव्का लग्न करून इस्राएलला गेली, आणि गेल्या वर्षी तीही आजारात गेली. तेव्हा विमानं बंद होती. लेकीची माती त्यांनी फोनवर पाहिली.

झिराडकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. हिब्रू प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, पण अर्थ विचाराल तर थोडाच. लहानपणी वडिलांनी अक्षरं शिकवली, अर्थ शिकवायचा राहून गेला. आणि आता त्यांची नात ताल, पाच वर्षांची, हिब्रूशिवाय दुसरं काही बोलत नव्हती.

शुक्रवारी तिची बालवाडी लवकर सुटे. दुपारी तिला झोपवायच्या वेळी तिचा बाप ओरेन फोन लावी. ओरेन ट्रक चालवायचा, तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा. फोन पोरीच्या उशाशी टेकवून ठेवी आणि म्हणे, "बोला, तुम्हाला बघितलं की ती जरा शांत होते."

शांत कसली! पोरगी थोडा वेळ हसे, मग भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळे आणि म्हणे, "तपेत ओती, साबा." साबा म्हणजे आजोबा, एवढं त्यांना ठाऊक होतं. आजोबा नुसते बघत बसले की ती आवाज चढवी, आणि शेवटी रडे. ओरेन फोन उचलून घाईनं म्हणे, "सॉरी, सॉरी," आणि पडदा काळा होई.

फोनमधल्या भाषांतराला त्यांनी तो शब्द ऐकवला. त्यानं सांगितलं, "वॉलपेपर मला." ओरेनलाही तसंच वाटलं होतं. पोरगी भिंतीकडे वळते आणि तपेत म्हणते, तपेत म्हणजे भिंतीला लावायचा कागद, म्हणजे हिला तो हवाय. बिचाऱ्यानं सुटी काढून सगळ्या भिंतीला निळा, चांदण्यांचा कागद चिकटवला आणि फोटो पाठवला. त्या शुक्रवारी चांदण्यांकडे तोंड करून ताल आणखी मोठ्यानं रडली.

"रिव्का असताना मी रात्रीच्या फेऱ्यांवर असायचो," ओरेन म्हणाला. "झोपवायची ती. मला काही म्हणजे काही माहीत नाही."

सोमवारी हायमकाका खाली येऊन गेटपाशी नुसतेच उभे राहिले. घरात बसवेना. सोसायटीचा वॉचमन धोंडीबा म्हणाला, "काय झालं काका? तब्येत बरी न्हाई का?"

"तब्येतीला काय होतंय. नातीची भाषा कळत नाही, एवढंच."

"आवो, मग त्या योगिनीताईला इचारा की! दुसऱ्या मजल्यावरच्या. ती अरबी का काय ते जानती. हिंजवडीला त्येच काम हाय तिचं."

"अरबी वेगळी, आमची वेगळी, धोंडीबा."

पण संध्याकाळी कंपनीच्या कॅबमधून योगिनी ओव्हाळ उतरली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलंच. पस्तिशीची, सावळी, गळ्यात हेडफोन तसाच राहिलेला. वर्षभर दोघं एकाच जिन्यानं चढउतार करत होते, पण 'कसं काय'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं.

ती चहाला वर आली. तिचे वडीलही पिंपरीतच कामगार होते. आता आई भावाकडे होती आणि ही इथं भाड्यानं. आखाती देशांतल्या गिऱ्हाइकांचे निरोप कंप्युटरला समजावेत म्हणून ती दिवसभर अरबी शब्दांची नाती लावून देत असे, कुठला शब्द कुठल्या कुळातला.

"शब्दांना कूळ असतं?" काकांनी विचारलं.

"तिकडे असतं. आपण शब्दाला मागून शेपूट लावतो, घर, घरात, घराला. तिकडे मुळात तीन व्यंजनं असतात, नुसता सांगाडा. स्वर मधे भरले की शब्द उभा राहतो." तिनं चहाचा घोट घेतला. "आपल्याकडे आलेलेच घ्या ना. हुकूम आणि हाकीम. ह, क, म तेच. जुलूम आणि जालीम. ज, ल, म तेच. हाकीम म्हणजे हुकूम करणारा, जालीम म्हणजे जुलूम करणारा. शाहीरसुद्धा त्याच घडणीचा. आ आणि ई घातले की करणारा माणूस तयार."

काका हातातला कप खाली ठेवायला विसरले. "म्हणजे साचा एकच, धातू वेगळा."

"अगदी तसंच. आणि तुमच्या हिब्रूतही तेच. क, त, ब म्हणजे लिहिणं. अरबीत किताब."

"आमच्यात लग्नाचा करार वाचतात. केतुबा."

"लिहिलेलं! झालं की. दोघी चुलतबहिणी आहेत, काका. पण मला हिब्रू येत नाही हं, नुसती अक्षरं, थोडं व्याकरण आणि मोजके शब्द. ऐकवा तर खरं."

तालचे आवाजी निरोप त्यांनी जपून ठेवले होते. योगिनीनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले. पुन्हा ऐकलं. पुन्हा. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ह्या घरात कुणीतरी इतका वेळ बसल्याला किती दिवस झाले असतील, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"इथं ती म्हणते, 'सपेर ली सिपुर.' मला गोष्ट सांग. स, प, र. सपेर म्हणजे सांग, सिपुर म्हणजे गोष्ट."

"सेफेर तोरा," काका पुटपुटले. "सिनेगॉगमधला आमचा ग्रंथ."

"तेच कूळ. प कधी कधी फ होतो." तिनं निरोप मागे नेला. "आता पुढचं ऐका. 'तपेत ओती', आणि रडत रडत 'तिपुत'. सपेर, सिपुर. तपेत, तिपुत. दिसतंय?"

काकांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दोन्ही जोड्यांची चाल एकच होती.

"ओती म्हणजे मला. वॉलपेपर असता तर त्याचं तिपुत कशाला झालं असतं? हा सपेरसारखा हुकूम आहे. तिला काहीतरी करून हवंय. आणि हे बघा, शेवटी. 'इमा तिप्ता ओती.' इमा म्हणजे आई. आईनं मला... ते केलं."

"काय केलं?"

योगिनीनं फोनवर शब्दकोश उघडला, बराच वेळ शोधलं आणि मान हलवली. "त, प, त असं मूळच सापडत नाही. अरबीतही मला असं काही ठाऊक नाही. बाहेरून आलेलं असणार. हिब्रूत करतात तसं. टेलिफोन शब्द घेतला, त्यातली व्यंजनं काढली आणि तिल्फेन केलं, म्हणजे त्यानं फोन केला. परका शब्द सोलायचा आणि आपले स्वर भरायचे. मुलं तर सर्रास करतात." तिनं हेडफोन काढला. "काका, तुमची मुलगी घरात मराठी बोलायची?"

"माझ्याशी बोलायची. पोरीशी... कोण जाणे. त्यांना ट, थ कुठला म्हणता येतोय. सगळ्याचा त करून टाकतात. ओरेन टाटा करतानासुद्धा 'तात्ता' म्हणतो—"

ते तिथेच थांबले.

ट आणि थ, दोन्हींचा त. त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. त, प, त. थ, प, ट. सिमहाबाई पलंगाच्या कडेला बसायच्या, लहानगी रिव्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळायची, पाठ आईकडे, आणि म्हणायची...

"थोपट," काका म्हणाले. "थोपट ना. अगं, ती थोपट म्हणतेय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

"भिंत नको होती गं तिला," ते म्हणाले. "पाठ पुढे करत होती पोर. आणि आम्ही कागद चिकटवत बसलो."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. ओरेन ट्रक लावून कुठेतरी उभा होता. इंग्रजीत थोपटणं कसं सांगायचं ते काकांना सुचेना, म्हणून त्यांनी फोन योगिनीच्या हाती दिला आणि स्वतः पलंगावरच्या उशीला थोपटून दाखवलं. हात उचलून, हलकेच, सावकाश. ओरेन बघत राहिला. मग त्यानं एकदम तोंड फिरवलं. "सुटीच्या दिवशी रिव्काचा हात दारातून ऐकू यायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, ती उशा झटकतेय."

पुढच्या शुक्रवारी फोन आला. फोन उशाशी होताच. ताल वळली, चांदण्यांकडे तोंड केलं आणि म्हणाली, "तपेत ओती." ह्या वेळी बापाचा जाडजूड हात चौकटीत आला. आधी फार जोरात पडला, पोरगी कुरकुरली. मग हळू झाला. इकडे काकांचाही हात मांडीवर पडत होता, ते त्यांना कळलंही नाही. थोड्याच वेळात तिची पाठ संथ वरखाली होऊ लागली. ओरेननं तोंडावर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि फोन बंद केला.

सगळं मिळून एक चहा गार होईल इतकाही वेळ लागला नव्हता.

पुढे तसंच होत गेलं. आधी ताल तासभर जागी असायची, रडायची, पण समोर तरी असायची. आता ती लगेच झोपे आणि आजोबांची गरज तिथंच संपे. कुठल्या शुक्रवारी फोन येई, कुठल्या येत नसे. काकांना तक्रार करायला जागाच नव्हती. पोर झोपत होती, आणखी काय हवं होतं? पण शुक्रवारी दुपारी फोन चार्ज करून टेबलावर उभा करून ठेवायचं त्यांनी सोडलं नाही.

एका शुक्रवारी फोन नाही, नुसता निरोप आला, हिब्रू अक्षरांत. अक्षरं काकांनी लावली, अर्थ लागेना. ते दुसऱ्या मजल्यावर गेले. योगिनी नुकतीच आली होती. घरात दिवाही लावला नव्हता, गळ्यात हेडफोन, समोर डबा उघडा. दिवसभर कानात माणसं बोलतात आणि इथं आल्यावर भांड्याचा आवाजही मोठा वाटतो, असं ती मागे एकदा म्हणाली होती.

तिनं वाचलं. "तिपत्ती ओता. हे ओरेननं लिहिलंय. त्ती लागलं की 'मी केलं'. मी तिला थोपटलं. आणि पुढे, येशेना. झोपली आहे."

"त्यानं स्वतःच बनवला शब्द?"

"बनवायला काय लागतं? तीन व्यंजनं होतीच त्याच्याकडे."

काकांनी तिच्याकडून ते पुन्हा वाचून घेतलं. ज्याला ते जन्मात दोनदाच भेटले होते असा एक माणूस, मराठीचं एक अक्षर न जाणता, सिमहाबाईंचा शब्द चालवत होता. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदात वाटेकरी म्हणून जे माणूस हवं होतं ते ह्या जगात उरलं नव्हतं.

"योगिनी," ते म्हणाले, "सब्बाथचे, आमच्या विसाव्याच्या दिवसाचे दिवे लावायचेत आता. बायको होती तेव्हा ती लावायची. मी एकटा लावतो, एकटाच जेवतो. तुझा डबा घेऊन वर येतेस का?"

तिनं डब्याकडे पाहिलं. मग तिनं झाकण लावलं. "मिरची जास्त आहे हं भाजीत," ती म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.