सरंजामशाही, शेवटच्या बाकासाठी

इतिहासाच्या सरांना मध्येच लहर आली. वर्गानं स्वतःचा शब्दकोश करायचा. चाळीस मुलं, चाळीस शब्द. सरांनी यादी मॉनिटरकडे दिली आणि मॉनिटरनं ‘जनगणना’, ‘नाणे’ असले लोण्यासारखे शब्द आपल्या चौकडीत वाटले. माझ्या पदरात काय? ‘सरंजामशाही’! मी भांडले, तर म्हणाला, “यादी सरांची आहे.” वाटणी जशी काही सरांच्या आजोबांनी केली होती!

सरांचे नियम दोन. नोंद वर्गमित्राला वाचून दाखवायची, त्यानं ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची आणि खाली ‘समजलं’ अशी सही करायची. आणि अक्षर वाचता आलं नाही तर सरळ शून्य. मागच्या सहामाहीत मी इतिहासात गटांगळी खाल्ली ती अक्षरापायीच. आता या नोंदीला वीसपैकी बारा मिळाले नाहीत तर वर्ष गेलं. आई औषधांच्या दुकानात काम करते, रोज डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते. तीसुद्धा माझी वही डोळ्यांजवळ नेते.

पण मला काळजी नव्हती. माझ्या मागे, शेवटच्या बाकावर मोती होता. अक्षर मोत्यासारखं म्हणून मोती, हाक मात्र कुत्र्याला मारावी तशी. अर्ध्या वर्गाच्या वह्या तोच उतरवतो. सरांनी तोंडी प्रश्न विचारला की त्याची बोबडी वळते, मग मी पुढून हळूच उत्तर पुरवते. आमचं असं छान जमलेलं होतं.

मधल्या सुट्टीत मी त्याला नोंद वाचून दाखवली. “सरंजामशाही म्हणजे भूधारणेवर अधिष्ठित श्रेणीबद्ध राजकीय-सामाजिक व्यवस्था.”

मोतीनं जांभई दिली. “हे तुला तरी कळलं का?”

खरं सांगायचं तर नव्हतं. मग डबा बाजूला सारला आणि चिडून पुन्हा लिहिलं.

“मध्ययुगात युरोपात राजा सरदाराला जमीन द्यायचा. बदल्यात सरदार इमानाची शपथ घ्यायचा आणि लढाईला माणसं घेऊन यायचा. सरदार त्यातलाच तुकडा धाकट्या सरदाराला द्यायचा, तशाच अटीवर. सगळ्यात खाली शेतात राबणारा. त्याला धन्याचं संरक्षण मिळायचं. त्यासाठी तो धन्याच्या शेतात फुकट काम करायचा, स्वतःच्या पिकातला वाटा द्यायचा आणि बहुतेकदा परवानगीशिवाय जमीन सोडून जाऊ शकायचा नाही.”

मोती सरळ बसला. तो असा सरळ बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

“आता परत सांग,” मी म्हटलं.

“सोपं आहे. सर राजा. यादी म्हणजे जमीन. मॉनिटर सरदार, त्याची चौकडी धाकटे सरदार.”

मी खो खो हसले. “अगदी बरोबर! कर सही.”

“थांब ना. सगळ्यात खाली मी. तू मला उत्तरं पुरवतेस, म्हणजे संरक्षण. मी तुझ्या वह्या उतरवतो, फुकट. म्हणजे तू माझी धनीण.”

राग आला, मग लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. “वेडा आहेस का? मैत्री आहे आपली!”

“असेल. पण नाही म्हणायची सोय मला कुठे आहे?” असं म्हणून त्यानं कोऱ्या कागदाच्या तळाशी टपोऱ्या अक्षरांत ‘समजलं’ लिहून सही ठोकली. “ही घे. वरचं मात्र तू लिही.”

घरी तीन कागद फाडले. बोटं दुखली. सहीचा एकच कागद होता, त्यावर शेवटी जीव मुठीत धरून लिहिलं. आई म्हणाली, “मला वाचता येतंय गं. पण सर काही औषधं विकत नाहीत.” रडूच आलं मला.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद उचलला. “मध्ययुगात... हे काय? शेळ्या? शपथ?” वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी लाल पेन उघडलं.

मागून बाक वाजला. मोती उभा होता. कोणी पुरवत नसताना, न अडखळता, त्यानं अख्खी नोंद आपल्या शब्दांत सांगितली. राजा, सरदार, धाकटे सरदार, राबणारा. आमची नावं तेवढी गाळली. सर पेन हातात धरून ऐकत राहिले.

“शेवटच्या बाकाला समजलं म्हणजे नोंद चांगली. अक्षराचे आठ कापतो,” ते म्हणाले आणि बारा लिहिले. मी डोळे गच्च मिटून घेतले.

सर भलतेच खूश झाले होते. चाळीसही कागदांचा गठ्ठा त्यांनी मोतीपुढे ठेवला. “तुझं अक्षर सुरेख आहे. सोमवारपर्यंत हे सगळं नीट उतरवून आण. मुखपृष्ठावर माझं नाव मोठं काढ, खाली संपादक म्हणून मॉनिटरचं.”

मोतीनं गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच पुरवलं नाही.

“सर,” तो म्हणाला, “आणि बदल्यात?”